आधी आजीला मठ्ठा

लग्नात कोणी आवडलं की सगळ्यात आधी तो आपला कोण लागतो ते शोधावं लागतं. हे बाहेरच्या जगात नसतं बघा. बसमध्ये, क्लासमध्ये, ऑफिसात कोणी आवडलं तर आवडलं, तिथे निदान तो नात्याने मामा निघायची भीती नसते. लग्नात मात्र हॉलभर माणसं आणि प्रत्येकाला प्रत्येकजण काहीतरी लागतो, चुलत मावशीच्या जावेचा भाऊ म्हणजे आपला कोण याचं उत्तर फक्त आजीला येतं, आणि आजीला विचारलं की संपलंच.

माझ्या मामेभावाचं लग्न होतं, 2012 च्या मे महिन्यात, कराडला. मुलगी कराडची आणि आम्ही सातारकडचे वऱ्हाडी. मी करवली. दादाला सख्खी बहीण नाही त्यामुळे तो मान माझ्याकडे आलेला, वय तेवीस, नुकतंच एमकॉम संपलेलं आणि घरात "आता हिचं बघायला पाहिजे" हे वाक्य दिवसातून एकदा तरी व्हायचंच. म्हणजे अशा लग्नात अशा मुलीवर किती नजरा असतात ते सांगायला नको. अर्ध्या बायका मला त्यांच्या ओळखीतल्या कुठल्या ना कुठल्या मुलासाठी बघत होत्या, उरलेल्या अर्ध्या मी कुणाला बघते ते बघत होत्या.

आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळीच पोचलो, ट्रॅव्हल्सने. उतरल्या उतरल्या मुलीकडचा एक मुलगा कागद घेऊन उभा, कुठली खोली कुणाला, चहा कुठे, अंघोळीचं गरम पाणी सकाळी कितीपासून, सगळं सांगत होता. वहिनीचा मामेभाऊ. म्हणजे माझा काहीच नाही. हे मी ट्रॅव्हल्समधून माझी बॅग खाली येईपर्यंत मनात जुळवून झालं होतं, यावरून काय ते समजा.

चहा झाल्यावर पोरं म्हणाली प्रीतिसंगम बघायचा, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात ती जागा, तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. वाट दाखवायला त्यालाच पाठवलं. जागेचं नाव प्रीतिसंगम पण आम्ही एकूण अकरा जण, त्यात दोन मावश्या, एक पाय दुखणारे काका आणि आमचा सात वर्षांचा भाचा. लहान पोरं म्हणजे लग्नातला सगळ्यात मोठा धोका असतो हे मी अनुभवाने सांगते. मोठी माणसं बघतात आणि मनात ठेवतात, खोलीत गेल्यावर बोलतात. पोरं तिथल्या तिथे ओरडतात. हा भाचा भेळ खाता खाता सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, तो दादा तुला बघतोय." मी म्हणलं तो नदी बघतोय. तर म्हणतो, "नदी तिकडे आहे."

त्याने मात्र एक केलं जे मला तेव्हाच नोंदवावंसं वाटलं. तो लगेच काकांकडे वळला आणि त्यांना पायऱ्या उतरायला हात दिला आणि परत येईस्तोवर काकांच्याच बरोबर चालला. भेळेच्या गाडीपाशी मिनिटभर माझ्याशी बोलू शकला असता, नाही बोलला. मला आधी जरा राग आला. मग कळलं की पोरगं ओरडल्यानंतर तो माझ्या शेजारी चालला असता तर रात्रीपर्यंत ती गोष्ट पूर्ण वऱ्हाडात गेली असती, आणि ती "त्याने काय केलं" अशी नाही, "हिचं काय चाललंय" अशी गेली असती.

हा फरक मुलांना खरंच कळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगते. आमच्याकडे हळद झाली की नवरदेवाचा परण्या निघतो मारुतीच्या देवळापर्यंत, बँड लावून, पोरं नाचतात. दादाच्या मित्रांपैकी एकजण, चांगल्या घरचा वगैरे, त्याने नाचता नाचता दहाची नोट काढली आणि माझ्यावरून ओवाळली बँडवाल्याला द्यायला. बाकीचे मित्र त्याचं नाव घेऊन ओरडले, मग माझं नाव घेऊन ओरडले. त्याच्या मते त्याने इंटरेस्ट दाखवला. झालं काय, तर मोठे मामा आले आणि मला म्हणाले, "तू गाडीत बस." मी गाडीत बसले. काच बंद, एसी नाही, मे महिना, भरजरी साडी. तो देवळापर्यंत नाचत गेला. कोणी त्याला एक शब्द बोललं नाही, आणि आई संध्याकाळी मला म्हणाली की तू हसलीस कशाला, हसलीस म्हणून तो चढला. मी हसले होते कारण नोट बँडवाल्याच्या ऐवजी वाऱ्याने नालीत गेली होती. पण हे कुणाला पटवणार.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. लग्नात इंटरेस्ट दाखवायचा तर तो इतका लहान पाहिजे की समोरच्या मुलीला तो दिसलाच नाही असं म्हणता यावं. तिला नको असेल तर तिने काही न करता ती गोष्ट तिथेच संपली पाहिजे. तिला नाही म्हणावं लागलं म्हणजेच तुमचं चुकलं, कारण तिथे चारशे माणसांत नाही म्हणणं हा सुद्धा तमाशाच होतो.

आता मुद्द्याचं, म्हणजे पंगत.

आदल्या रात्रीच्या जेवणालाच हे सुरू झालं. मुलीकडचे वाढणार आणि आम्ही बसणार, टेबलावर कागदाचा रोल अंथरलेला, त्यावर पत्रावळ्या, भावकीतली पोरं बादल्या घेऊन पळतायत, भात भात, आमटी आमटी. आणि मी विचार केला (म्हणजे तेव्हा नाही, पुष्कळ वर्षांनी) की पंगत ही आपल्याकडची एकच जागा आहे जिथे परका तरुण मुलगा परक्या तरुण मुलीसमोर येऊन उभा राहतो, तिच्याकडे बघून बोलतो, ती नको म्हणाली तरी परत विचारतो, आणि कुणालाही त्यात काही वाटत नाही. उलट नाही विचारलं तर मुलीकडच्यांना आग्रह करता येत नाही म्हणून नावं ठेवतात. वरपक्षाला आग्रह करणं हे त्याचं कामच होतं. एवढी पक्की सबब दुसरी कुठलीच नाही.

पण त्यातही करायची पद्धत आहे. त्याच्याकडे मठ्ठा होता. मी आजीच्या शेजारी बसले होते. तो आला, आधी आजीला विचारलं, "आजी, मठ्ठा देऊ का, का थंड चालत नाही?" आजीला कोणी असं विचारलं की ती विरघळते, तिने लगेच गुडघ्यापासून सुरुवात करून सगळ्या तब्येतीची माहिती दिली, तो जग हातात धरून ऐकत उभा. मग मला, "तुम्हाला?" मी म्हणलं अर्धा ग्लास. त्याने अर्धाच दिला. बस. दुसऱ्या फेरीला आला तेव्हा आजीला म्हणाला, "आजी तुमच्यासाठी बर्फ न घातलेला बाजूला ठेवलाय," आणि मला काही न विचारता अर्धा ग्लास ओतला. अर्धा. म्हणजे पहिल्या फेरीचं लक्षात ठेवलं होतं, त्या दीड-दोनशे माणसांच्या पंगतीत. आता हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर त्याला यात काय दिसणार? एक मुलगा मठ्ठा वाढतोय. हेच तर हवं असतं.

त्याच पंगतीत जिलेबीवाला पोरगा माझ्या मावसबहिणीच्या पानात एकदम पाच जिलेब्या टाकून गेला. बाकीच्यांना दोन दोन. सगळ्या रांगेने मोजल्या. ती बिचारी ते अन्न टाकवेना म्हणून खात बसली आणि पुढचे दोन दिवस तिला सगळे "पाच" म्हणून हाक मारत होते. वाढण्यातून काही सांगायचं असेल तर जास्त वाढायचं नाही. लक्षात ठेवायचं.

तर आमच्या बहिणी-बहिणींत त्याचं नाव मठ्ठा पडलं. सांकेतिक नाव पाहिजेच, खऱ्या नावाने बोललं की भिंतीपलीकडची काकू उठून बसते. "मठ्ठा खाली आहे", "मठ्ठा फेटा बांधून घेतोय", असं रात्री बारापर्यंत चाललं. शेजारच्या गादीवरून मोठी मामी म्हणाली, "एवढा मठ्ठा पिऊ नका गं, सर्दी होईल." ती साधं बोलली की कळून बोलली हे मला आजही माहीत नाही.

आणि मग मी मोठी चूक केली. आई साड्यांच्या घड्या घालत होती, मी अगदी सहज, माझ्या मते सहज, विचारलं, "आई, आपलं देवक काय गं?"

ज्यांच्याकडे देवक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्यात प्रत्येक कुळाचं एक देवक असतं, कुणाचं कळंब, कुणाचं पंचपालवी म्हणजे पाच झाडांची पानं, लग्नाआधी ते आणून बसवतात, आणि ज्या दोन घरांचं देवक एक ती घरं भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. दुसऱ्यांकडे गोत्र बघतात तसंच. म्हणजे तेवीस वर्षांच्या मुलीने लग्नाच्या आदल्या रात्री, जिने तोवर कधी देवकाची चौकशी केली नाही तिने, अचानक आपलं देवक विचारणं याचा अर्थ काय होतो? आईचे हात घडीवरच थांबले. "पंचपालवी," ती म्हणाली. मग, "का गं?" मी म्हणलं असंच, जनरल नॉलेज.

सकाळी सहाला ती मला उठवायला आली, केसात तेल घालायला बसवलं, आणि भांग पाडता पाडता, माझ्याकडे न बघता, दाराकडे बघत म्हणाली, "त्यांचं कळंब आहे."

एवढंच. कुणाचं ते नाही बोलली. मी विचारलं नाही. रात्री बारा ते सकाळी सहा या वेळात माझ्या आईने परक्या गावात, परक्या मंगल कार्यालयात, कुणाला विचारून हे काढलं ते मला माहीत नाही, पण देवक कळलं म्हणजे त्याबरोबर गाव, आडनाव, शेती किती, बहिणी किती, मुलगा करतो काय हे सगळं आलंच असणार. मला तर तोपर्यंत त्याचं पहिलं नाव आणि मठ्ठा एवढंच माहीत होतं.

मला एकदम घाबरायला झालं. कारण तिथे गोष्ट बदलते. रात्रीपर्यंत तो माझ्यापुरता होता, अर्ध्या ग्लासापुरता. देवक जुळत नाही म्हणजे चालतं असं ठरलं की तो मुलगा राहत नाही, स्थळ होतो. आणि स्थळाला आवडणं हा प्रकार नसतो, पसंती असते. पसंती कळवावी लागते, आणि नाही कळवली तर नकार समजतात, आणि हा नकार साधा नसता, तो माझ्या नव्या वहिनीच्या आजोळाला गेला असता. ती अजून आमच्या घराचा उंबरासुद्धा ओलांडून आली नव्हती आणि तिच्या डोक्यावर माझं हे! पुढे काही बिनसलं असतं तर स्वयंपाकघरात "तुमच्याकडची माणसं" हे कुणी ऐकून घेतलं असतं? तिनेच. मुलं-मुली म्हणतात आमचं आम्ही बघू. लग्नात भेटलेल्याचं तसं नसतं, मधे एक लग्न आधीच उभं असतं आणि त्यातल्या मुलीला तिथे राहायचं असतं.

अक्षतांचा मुहूर्त 12 वाजून 32 मिनिटांचा होता. माईकवाला "अमुक साहेबांचं आगमन झालेलं आहे, त्यांनी स्टेजवर यावं" करत करत एक वाजवला. मी दादाच्या मागे उभी, दोन्ही हातात तांब्या, वर नारळ. करवलीला हलता येत नाही, खाजवता येत नाही, आणि लपता तर अजिबात येत नाही. तो समोर वहिनीच्या बाजूला, मामेभाऊ म्हणून. आमच्यामध्ये अंतरपाट, पण तो नवरा-नवरीपुरता असतो, आमच्या उंचीला सगळं उघडं होतं. मंगलाष्टकं चालू, लोक ज्वारीच्या लाल अक्षता टाकतायत, त्यातल्या निम्म्या माझ्या मानेवर. मी अगदी सरळ समोर बघत होते. माझ्या मते.

दुपारच्या पंगतीत परत मठ्ठा. आजीला बिनबर्फाचा. मला अर्धा. आणि मग तो हळू नाही, नॉर्मल आवाजात, आजीला आणि मला मिळून म्हणाला, "माझ्या भावाने करवलीचे फोटो काढलेत चांगले. लागले तर सांगा. माझा नंबर खाली कागदावर आहे." आणि पुढच्या पानाकडे गेला.

खाली कागद म्हणजे काय, तर जिन्याशेजारी भिंतीवर चिकटवलेला, निवास व्यवस्था, वाहनतळ, भोजन, प्रत्येकापुढे एक नाव आणि नंबर. निवास व्यवस्थेपुढे तो. दोन दिवस सगळ्या वऱ्हाडाला दिसत असलेला नंबर. त्याने माझा मागितला नाही, दुसऱ्याकडून मिळवला नाही, चिठ्ठी नाही, भाच्याला मधे घातलं नाही. मला नको असता तर मी नुसतं जेवून उठले असते आणि आम्ही दोघं जन्मभर एकमेकांना लग्नाकार्यात "काय, बरंय ना" म्हणू शकलो असतो.

मी पाणी प्यायला म्हणून खाली गेले. लिहून घ्यायला करवलीकडे पेन कुठून येणार आणि फोन पर्समध्ये, पर्स मामीकडे. मी दहा आकडे पाठ केले. पाच पाच करून. जिना चढताना एका काकूने थांबवून विचारलं तू कुणाची, मी सांगितलं, त्या म्हणाल्या अगं मी तुझ्या आईची शाळेतली मैत्रीण, आणि शेवटचे दोन आकडे गेले. परत खाली. परत पाणी. भांड्यापाशी बसलेला म्हातारा वाढपी म्हणाला, "ताई, लई तहान लागली."

पुढचं थोडक्यात सांगते कारण ते तितकं खास नाही. फोटो आले, मग मेसेज पॅक मारून चार महिने बोललो, पुण्यात एकदा भेटलो, माणूस चांगलाच होता. पण त्याला कराड सोडायचं नव्हतं आणि मला पुण्यातली नोकरी लागली होती, आणि खरं सांगायचं तर फोनवर तो आजीला मठ्ठा विचारायचा त्याच्या निम्माही बोलका नव्हता. हळूहळू थांबलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही, कुणी कुणाला नकार दिला नाही, वहिनीला कुणी बोललं नाही. आता तो दोन मुलांचा बाप आहे, दिवाळीत वहिनीला भाऊबीजेचा फोन करतो तेव्हा मागून माझीही चौकशी करतो.

लग्नानंतर दोन महिन्यांनी शूटिंगची डीव्हीडी आली. मामाच्या घरी सतरा माणसं टीव्हीपुढे. मंगलाष्टकं सुरू झाली, कॅमेरा दादाच्या मागून, आणि मी. सगळं स्टेज अंतरपाटाकडे बघतंय आणि करवलीची मान सरळ काटकोनात वळलेली. तांब्या एका बाजूला कललेला, नारळ पडायच्या बेतात. आणि एकदा नाही, त्या शूटिंगवाल्याने स्लो मोशन आणि बाजूने गुलाबाच्या पाकळ्या टाकून ते परत दाखवलं. कोणी काही बोललं नाही. मामीने चिवड्याची ताटली पुढे सरकवली. आजी म्हणाली, "मान कशाला वळवायची गं एवढी. डोळं हायत की."

वहिनी तेव्हा चहा घेऊन आली होती, तिने ट्रे ठेवला आणि म्हणाली, "मी तर मुंडावळ्यांतनं बघत होते." आणि आत गेली.

परवा, म्हणजे या उन्हाळ्यात, त्याच भाच्याच्या मावसबहिणीचं लग्न झालं पुण्यात. तो आता एकवीस वर्षांचा, नदी तिकडे आहे म्हणणारा. बुफे होता. मी मुद्दाम बघत होते की आता ही पोरं करतात काय, कारण बुफेत कुणी कुणाला वाढत नाही, लाइव्ह काउंटरवाला डोसा देतो तो पण तोंडाकडे न बघता. आग्रह गेला, फेरी गेली, अर्धा ग्लास गेला. त्याऐवजी लग्नाचा व्हॉट्सअप ग्रुप असतो, दोन्हीकडचे मिळून, त्यात सगळ्या मुलींचे नंबर उघडे पडलेले, आणि पोरं तिथून नंबर उचलून रात्री "हाय" पाठवतात. तिने कधी दिला नव्हता तो नंबर. मला विचाराल तर ती दहाची नोटच आहे, फक्त बँड नाही.

भाचा मात्र प्लेट घेऊन बराच वेळ इकडे तिकडे करत होता. मी माझ्या जावेबरोबर भिंतीकडच्या खुर्च्यांवर, हो, आता मी त्याच खुर्च्यांवर बसते. आमच्या शेजारी नवरदेवाकडची एक मुलगी तिच्या आजीला घेऊन बसलेली, आजीला गर्दीत उठवत नव्हतं. भाचा आला, आजींपुढे वाकला, म्हणाला, "आजी, तुम्हाला काही आणून देऊ का?" मी त्याला हे कधीही शिकवलेलं नाही, शपथ.

आजी म्हणाल्या थोडा दहीभात मिळाला तर बघ. तो गेला, आणला, परत आला आणि आता बसायला जागा नाही म्हणून उभाच. त्या मुलीच्या पलीकडच्या खुर्चीवर माझी पर्स होती. मी ती उचलली आणि जावेला म्हणलं चल.

"कुठे? आत्ता तर बसलो."

"मठ्ठा संपला का बघून येऊ."

"मठ्ठा कुठाय इथे," ती म्हणाली, पण उठली.